हृदयाची साक्ष

“प्राचीन इजिप्तच्या समजुतीत मेल्यावर देवांच्या न्यायसभेत माणसाचं हृदय तराजूत पिसाशी तोलत. पिसापेक्षा हृदय जड भरलं की संपलंच. मग श्रीमंतांनाही सुटका नव्हती का?”

सोय होती ना! ममी करताना मेंदू काढून टाकत, हृदय मात्र आतच ठेवत, कारण तराजूपाशी तेच साक्षीदार. ते फितूर होऊ नये म्हणून ऐपतवाल्यांच्या छातीवर हिरवट दगडाचा भुंगेरा ठेवत. त्याच्या पोटावर कोरलेलं असे, ‘हृदया, माझ्याविरुद्ध साक्ष देऊ नकोस.’ थोडक्यात, साक्षीदारालाच दम! आपल्या चित्रगुप्ताची वही निदान दुसऱ्याच्या हातात असते.

आणि त्याच न्यायसभेत मृत म्हणतो, ‘मी मापात खोट केली नाही, वाहतं पाणी अडवलं नाही, लेकरांच्या तोंडचं दूध काढलं नाही.’ ही पापं देवळातली कमी, बाजारातली आणि शेताच्या बांधावरचीच जास्त.