‘वेटिंग’ म्हणजे पळवाट? एका प्रतिक्रियेला उत्तर

मूळ लेखात मी म्हटलं होतं की क्लायंटच्या उत्तरासाठी थांबलेलं तिकीट ‘ब्लॉक्ड’मध्ये न टाकता ‘वेटिंग’ या वेगळ्या स्टेटसमध्ये ठेवावं. त्यावर आलेली प्रतिक्रिया: "काम अडलं म्हणजे अडलं, क्लायंटने अडवलं काय नि सर्व्हरने अडवलं काय. वेगळं स्टेटस म्हणजे टीमला उशीर लपवायला दिलेलं कपाट. क्लायंटला शेवटी एकूण दिवसच दिसतात. लेखकाने डिलिव्हरीची जबाबदारी कधी घेतलेली दिसत नाही."

साहेब, आधी शेवटच्या वाक्याबद्दल. मुद्द्यावर बोला ना, माझी कुंडली कशाला? हिंजवडीत एका कंपनीत डिलिव्हरी रिव्ह्यूला मी स्वतः उभा राहिलोय, बोर्डवर ब्लॉक्डचा लाल कॉलम भरलेला, वरचे विचारतायत "तुमची टीम करते काय", आणि त्यातली बरीच तिकिटं क्लायंटच्या एका ‘हो’साठी पडलेली. तेव्हा कोणत्या तिकिटाचे किती दिवस कुणाकडे गेले हे मला सांगता येत नव्हतं, कारण सगळं एकाच कॉलममध्ये. हे ज्याने भोगलं नाही त्याला "काय नि काय" म्हणणं सोपं आहे.

आता त्या कपाटाबद्दल. एक साधं उदाहरण घ्या, इन्व्हॉइस पीडीएफ बदलायचं काम. सोमवारी सुरू, बुधवारी संध्याकाळी प्रश्न गेला की राउंड-ऑफ प्रत्येक ओळीला करायचा की शेवटी बेरजेला. उत्तर आलं पुढच्या गुरुवारी सकाळी. पण ज्याचं काम तो दुसरीकडे अडकलेला, त्याने हात लावला त्यापुढच्या सोमवारी आणि मंगळवारी संपवलं. शनिवार-रविवार सोडून एकूण 12 दिवस. त्यातले क्लायंटकडे 5, टीमकडे 7, आणि त्या 7 पैकी गुरुवार-शुक्रवार हे 2 दिवस निव्वळ आपल्या दिरंगाईचे. तुमच्या पद्धतीने हे सगळं ब्लॉक्डमध्ये टाकलं की 5 आणि 2 मिळून 7 दिवसांचा एकच लाल आकडा होतो. म्हणजे उशीर लपला कुठे, सांगा बरं?

हां, तिकीट सोमवारपर्यंत वेटिंगमध्येच राहू दिलं तर ते 2 दिवस क्लायंटच्या नावावर जातात, तुमचं कपाट ते हेच. पण ते बंद करायचा उपाय मी मूळ लेखात दिलाय, तुम्ही तिथवर वाचलं नसावं. उत्तर आलं की तिकीट लगेच बाहेर, कुणी काम उचलो न उचलो. जिरा सर्व्हिस मॅनेजमेंटमध्ये ‘वेटिंग फॉर कस्टमर’ असतानाचा वेळ एसएलएतून वगळता येतो आणि ग्राहकाने कमेंट टाकली की तिकीट आपोआप सपोर्टकडे परत आणता येतं. साध्या जिरात उत्तर मेलवर येतं तेव्हा ते हाताने करावं लागतं, आणि जिरा तर क्लिक केल्याची वेळ धरतो, मेल आल्याची नाही, म्हणून उत्तराच्या तारखेचं वेगळं फील्ड ठेवायचं आणि महिन्याचा हिशेब त्यावरून करायचा. आत जायलाही अट आहे: प्रश्न काय, कुणाला, कधी पाठवला हे तिकिटावर लिहिलेलं नसेल तर वेटिंग नाही. "क्लायंटशी बोलायचंय" हे वेटिंग नव्हे, ते आपलंच काम आहे. मी रोज सकाळी हे चालवतो:

```
status = "Waiting for Client" AND NOT status CHANGED AFTER -3d
```

जे निघेल त्यावर अकाउंट मॅनेजरने फोन करायचा. टेस्ट सर्व्हर बंद असेल तर त्याचा फोन काय कामाचा? तिथे लीडने आत पळापळ करायची, म्हणून ते ब्लॉक्ड. दोन्हीकडे धावणारा माणूसच वेगळा आहे हो, हे एवढंच तर मी म्हणत होतो!

आणि ही काही माझ्या डोक्यातून निघालेली शक्कल नाही. झेंडेस्कमध्ये पेंडिंग म्हणजे ग्राहकाच्या उत्तराची वाट आणि ऑन-होल्ड म्हणजे तिसऱ्याच कुणाची वाट, अशी दोन स्टेटस आहेत. ग्राहकाला किती थांबावं लागलं हे मोजताना ऑन-होल्डचा वेळ धरतात, पेंडिंगचा नाही. त्यांनाही जाऊन विचारा कपाट कशाला ठेवलंय म्हणून.

एक मान्य करतो, नुसतं ‘वेटिंग’ हे नाव मोघम आहे, नवीन पोरं रिव्ह्यूची वाट बघतानाही तिकीट त्यात टाकतात. ‘क्लायंटकडे’ ठेवलं तर बरं, बदलतो.

क्लायंटला एकूण दिवस दिसतात म्हणालात, दिसू देत की, 12 चे 12 दाखवा, कोण नाही म्हणतंय. त्याच्याखाली 5 आणि 7 लिहायला तुमची हरकत नेमकी काय आहे तेवढं पुढच्या कमेंटमध्ये लिहा, माझ्या अनुभवाची चौकशी नको.