आपल्या वाड्यातला रविवर्मा अस्सल कसा ठरवावा

अंबाजोगाईत काय, उदगिरात काय, जुन्या वाड्याची वाटणी निघाली की माळ्यावरून घंगाळं, समया आणि एखादं तैलचित्र खाली येतंच. नऊवारीतली बाई, हातात फळ, कोपऱ्यात रविवर्म्याची सही आणि १८९४ साल. अभिनंदन! आता चित्र अस्सल आहे एवढंच ठरवायचं राहिलंय.

पहिली गोष्ट, भिंग घरात ठेवू नका. १८९४ मध्ये रविवर्म्याने मुंबईत छापखाना काढला, तो पुढे मळवलीला गेला, आणि तिथल्या रंगीत छापांनी गावोगावची देवघरं भरली. असा छाप कापडावर चिकटवून, दागिन्यांवर थोडा रंग चढवून, वरून वॉर्निश मारलं की लांबून तो तैलचित्रच दिसतो. दहापट भिंग बाईच्या गालावर धरलं तर मात्र बारीक ठिपके दिसतात. ब्रशने असे ठिपके उमटत नाहीत. म्हणून चित्र काचेच्या फ्रेमीत ठेवा आणि पाहुण्यांना सहा फुटांवर बसवा.

ठिपके नसतील, म्हणजे चित्र खरोखर हाताने रंगवलेलं असेल, तर पारखी बोलवा. पण निवडून बोलवा. जो आल्याआल्या चित्र पालथं करायला सांगतो आणि मग "याचा छाप आहे का कुठं?" असं विचारतो, त्याला चहा पाजून वाटेला लावा. त्याचा डाव असा असतो: नक्कल करणाऱ्याच्या समोर बहुधा मूळ चित्र नसतं, छाप असतो. छापात जरीची किनार सोपी करून टाकलेली असते, अंधाऱ्या कोपऱ्यात काय आहे ते कळत नाही. नक्कलवाला किनार तशीच सोपी काढतो आणि कोपऱ्यात तपकिरी धुकं भरतो. हा मनुष्य नेमकं तेच धुकं शोधायला आलेला असतो.

तुम्हाला हवा तो पारखी बाईच्या डोळ्यांत बघून गहिवरतो. "हात जरा कच्चा वाटायलाय" अशी शंका कुणी काढलीच, तर उत्तर तयार ठेवा: भाऊ राजा राज वर्मा त्याच्याबरोबर काम करायचा, एवढा भाग त्याचा असेल. हे खरंही आहे, म्हणून तर उपयोगी आहे. चांगलं जमलेलं सगळं रविवर्म्याचं आणि फसलेलं सगळं भावाचं, अशी वाटणी केली की कुठलंही चित्र नापास होत नाही. वाड्याचीही वाटणी इतकी सोपी झाली नसती.

मग एखादा पुण्याला शिकलेला पुतण्या म्हणतो, "काका, लॅबमधून करून घेऊ की." घाबरू नका. प्रयोगशाळा तुम्ही विचारलेल्याच प्रश्नाचं उत्तर देते. तेव्हा तिला विचारा, "कापड किती जुनं आहे?" जुनं कापड कुणालाही मिळतं. जर्मनीतला वोल्फगांग बेल्ट्राकी जुन्या बाजारातली स्वस्त चित्रं घेऊन, रंग खरवडून, त्याच कापडावर नामवंत चित्रकारांची नवी 'जुनी' चित्रं रंगवायचा. कापड जुनं निघालं की तो अहवाल फ्रेम करून चित्राशेजारी टांगा.

"रंगात काय आहे?" हे मात्र चुकूनही विचारू नका, कारण तिथे टायटॅनियम व्हाइट बसलेला आहे. रविवर्मा १९०६ मध्ये वारला. त्याच्या काळचे पांढरे रंग म्हणजे शिशाचा सफेदा आणि जस्ताचा झिंक व्हाइट. टायटॅनियमचा पांढरा रंग बाजारात आला पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आणि त्यानंतर. बेल्ट्राकीलाही हे पाठ होतं. पण एकदा त्याने झिंक व्हाइटची तयार ट्यूब वापरली आणि तिच्यात थोडं टायटॅनियम होतं, जे लेबलवर लिहिलेलं नव्हतं. काम्पेन्डोंक या चित्रकाराचं १९१४ चं म्हणून ते चित्र २००६ मध्ये कोलोनच्या लिलावात २८ लाख ८० हजार युरोंना गेलं. पुढे तपासणीत तोच पांढरा रंग सापडला आणि २०११ मध्ये बेल्ट्राकीला सहा वर्षांची शिक्षा झाली. जाणकारांनी त्याची चित्रं अस्सल ठरवली होती, हे तुमच्या पारख्याला सांगू नका, बिचाऱ्याचं मन दुखेल.

पुतण्याने क्ष-किरण टाकून रंगातली मूलद्रव्यं ओळखणारं, हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र आणवलंच आणि पडद्यावर टायटॅनियम आलं, तरी तुमच्याकडे पळवाटा आहेत. वाईट एवढंच, की त्या खऱ्या आहेत.

पहिली पळवाट बेरियमची. त्या काळच्या पांढऱ्या रंगांत आणि अस्तरात बेरियमची भर सर्रास असायची. यंत्रात बेरियमची एक रेघ ४.४७ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टवर येते आणि टायटॅनियमची ४.५१ वर. हातातल्या यंत्राला एवढा फरक वेगळा दिसत नाही, ते एकाच्या नावावर दुसऱ्याचं खातं लिहितं. त्यामुळे अहवाल आला की ठणकावून सांगा, "हे बेरियम आहे!" फक्त समोरच्याने यंत्र ५० किलोव्होल्टवर लावून ३२ च्या आसपास बेरियमची दुसरी रेघ शोधू नये, अशी प्रार्थना करा. ती तिथे नसेल तर पळवाट बुजली. रामन यंत्र आणलं तर आणखी पंचाईत. ते धातू नाही, रंगाचा स्फटिकच ओळखतं, आणि रूटाइल जातीचा टायटॅनियम व्हाइट निघाला तर तो १९३० च्या दशकाच्या अखेरीनंतरचा.

दुसरी पळवाट डागडुजीची. "आजोबांनी नांदेडच्या पेंटरकडून दुरुस्त करून घेतलं होतं." हीही शक्यता खरी असते, म्हणून चांगला तपासनीस इथे लगेच निकाल देत नाही. एक्सआरएफ सगळ्या थरांतून एकदम वाचतं. वरचा ठिगळाचा रंग आणि खालचा मूळ रंग त्याला वेगळा सांगता येत नाही. मग तपासनीस अंधारात अतिनील दिवा लावतो. जुनं राळेचं वॉर्निश हिरवट चमकतं आणि त्यावरची ठिगळं काळी दिसतात. टायटॅनियम तेवढ्या काळ्या ठिगळांतच असेल, तर आजोबा सुटले. नंतर तो जिथे आधीच भेग आहे तिथून अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान कण घेतो, राळेत बसवून घासतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली थर मोजतो. पांढरा रंग भेगेत उतरलेला असेल, तर तो भेग पडल्यानंतर लावलेला, म्हणजे दुरुस्तीचा. भेगच त्या रंगाला चिरून गेली असेल आणि टायटॅनियम अगदी तळाच्या अस्तरात असेल, तर मग पेंटर नांदेडचा असो की वाड्यातलाच, बाईचा जन्मच १९०६ नंतरचा.

आणि टायटॅनियम कुठेच सापडलं नाही तर? पेढे वाटा, पण घाईने वाटा. कारण त्याचा अर्थ एवढाच, की चित्र १९०६ पूर्वीचं *असू शकतं*. त्याच काळात रविवर्म्याची नक्कल करणारा दुसरा कुणी तोच सफेदा, त्याच दुकानातून आणत असेल, तर यंत्राला दोघांत काही फरक करता येत नाही. तिथे पुन्हा त्या छाप मागणाऱ्या, चित्र पालथं करणाऱ्या खडूस पारख्याला बोलवावं लागतं. त्याचा नंबर तुम्ही तेव्हाच काढून टाकला असेल, तर उत्तम.

गिऱ्हाईक पारखी आणि प्रयोगशाळा दोघांचीही सही मागू लागलं, तर म्हणा, "आमच्या आजीचा जीव होता हो त्या चित्रात, विकायचं नाही." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला सहा फुटांवरची खुर्ची द्या.