तारांचं कुंपण आणि एफआयआर

"रिकाम्या प्लॉटवर कुणी ताबा मारला की एफआयआर करा, पोलीसच जागा सोडवून देतात. दावा लावायची गरज नाही."

गरज आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 329 खाली धमकावण्याचा, त्रास देण्याचा वा गुन्ह्याचा हेतू सिद्ध करावा लागतो. शिक्षा झाली तरी जबरदस्ती किंवा धाक दिसला, तरच फौजदारी कोर्ट ताबा परत देऊ शकतं.

समजा, इंदुरातल्या काकूंच्या प्लॉटवर 10 जानेवारीला परक्याने तारा ठोकल्या. विनिर्दिष्ट अनुतोष अधिनियमाच्या कलम 6 चा दिवाणी दावा सहा महिन्यांत लावायचा. तिथे मालकी नव्हे, आधीचा ताबा बघतात. त्यामुळे जुन्या कुंपणाचा फोटो फार कामाचा. मुदत हुकली, तर रजिस्ट्रीच्या जोरावर मालकीचा दावा, बारा वर्षांच्या आत. एफआयआरमुळे ही मुदत थांबत नाही.