फ्रिजचे पाणी आणि छातीतला कफ

“फ्रिजचे पाणी प्यायल्याने घशात कफ गोठतो आणि तोच छातीत उतरून न्यूमोनिया होतो. सर्दी-खोकला असेपर्यंत मुलांना गार पाण्याचा थेंबही देऊ नका.”

हा संदेश आमच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आला आणि त्याच आठवड्यात माझ्या पाच वर्षांच्या भाच्याचा घसा सुजला. गिळताना दुखत असल्याने तो कोमट पाणी थुंकून टाकत होता आणि गार पाणी मागत होता, पण ते त्याला कोणी देईना. संध्याकाळी ताईचा फोन आला, तेव्हा त्याचे ओठ कोरडे पडले होते आणि सकाळपासून त्याला एकदाच लघवी झाली होती. शरीरातले पाणी कमी होत असल्याची ही खूण आहे. डॉक्टरांनी फ्रिजचे पाणी चमच्या-चमच्याने पाजायला सांगितले आणि रात्रीपर्यंत लघवी झाली नाही तर घेऊन या, असे बजावले. तासाभरात त्याने पेलाभर पाणी घेतले. गारव्याने सुजलेला घसा थोडा वेळ बधिर होतो आणि गिळणे सुसह्य होते, एवढेच त्यामागचे कारण. घसा दुखत असताना गार व मऊ पदार्थ खावेत, असे ब्रिटनची सरकारी आरोग्यसेवाही सांगते. बर्फाचा खडा मात्र लहान मुलांना चघळायला देऊ नये, तो घशात अडकू शकतो.

छातीत कफ उतरण्याची कल्पना तर शरीररचनेलाच धरून नाही. गिळलेले पाणी अन्ननलिकेतून जठरात जाते. खोकल्यातला कफ श्वासनलिकांमध्ये तयार होतो आणि तिथले तापमान पेलाभर पाण्याने गोठण्याइतके खाली येत नाही. न्यूमोनिया फुफ्फुसात पोहोचलेल्या जंतूंमुळे होतो. सर्दीचा विषाणूही लक्षणे दिसण्याच्या साधारण एक ते तीन दिवस आधी शरीरात शिरलेला असतो, म्हणून दुपारी सरबत प्यायले आणि संध्याकाळी घसा धरला, तर दोष त्या सरबताचा नसतो.

एक गोष्ट मात्र मान्य करावी लागते. 1978 साली अमेरिकेत 15 निरोगी माणसांवर केलेल्या प्रयोगात गार पाणी प्यायल्यानंतर अर्ध्या तासाने नाकातला शेंबूड पुढे सरकण्याचा वेग मिनिटाला 7.3 मिलिमीटरवरून 4.5 वर आला होता, तर गरम पाण्याचे घोट घेतल्यावर तो काही काळ वाढला होता. त्यामुळे चोंदलेल्या नाकाला गरम पाण्याने बरे वाटते, हे आजीचे म्हणणे खोटे नाही. पण वेग मंदावणे म्हणजे आजार होणे नव्हे, आणि हा प्रयोग आजारी माणसांवर झालेलाही नव्हता. ज्यांना दमा आहे किंवा ज्यांना गार घोटासरशी खोकल्याची उबळ येते, त्यांनी गार पाणी टाळावे. बाकीच्या मुलांना जे पाणी गिळवते, ते द्यावे. लाळही गिळता येत नसेल किंवा श्वास घेताना त्रास होत असेल, तर पाणी गार की कोमट यावर वाद न घालता तत्काळ दवाखाना गाठावा.