"तीन लाख सबस्क्राइबर, व्ह्यू सहा हजार, म्हणजे विकत घेतलेत" असं म्हणण्याआधी

आमच्या शेतीविषयक व्हिडिओ करणाऱ्या मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला आठवडाभर एकच विषय चाललाय. नांदेडकडच्या एका सोयाबीन-हरभऱ्याच्या चॅनेलचा स्क्रीनशॉट फिरतोय. खाली लिहिलंय, "रात्री ३.१० लाख, सकाळी ३.११ लाख. एका रात्रीत हजार माणसं कुठून आली? आन् व्ह्यू बगा, सहा हजार!" त्या चॅनेलचं नाव मी इथं घेणार नाही. तो पोरगा स्वतःच्या शिवारात उभा राहून व्हिडिओ करतो. अशा आरोपानं त्याचं नाव खराब होतं, म्हणून सविस्तर लिहितोय.

आधी त्या हजार माणसांचं. २०१९ पासून यूट्यूब सबस्क्राइबरचा पूर्ण आकडा बाहेरच्यांना दाखवत नाही. हजाराच्या पुढं गेलं की पहिले तीनच अंक दिसतात, बाकीचे खाली गोल होतात. म्हणजे लाखाच्या पुढच्या चॅनेलचा आकडा हजार-हजारानंच हलताना दिसतो आणि दहा लाखांच्या पुढं दहा-दहा हजारानं. रात्री खरा आकडा ३,१०,९९० असेल आणि सकाळपर्यंत दहा माणसं वाढली, तरी पडद्यावर ३.१० चं ३.११ होतं. आकडेवारी दाखवणाऱ्या साइट्सनाही यूट्यूबकडून हाच गोल आकडा मिळतो, म्हणून त्यांच्या आलेखात पायऱ्या दिसतात. आठ दिवस काही नाही, मग एकदम हजार. ती पायरी गोल करण्यामुळं आलेली असते. आमच्या औशाकडच्या चॅनेलचे ४२ हजार सबस्क्राइबर आहेत, तिथं पायरी शंभराची आहे, म्हणून ती कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आता व्ह्यूंचं. आमचं चॅनेल माझा पुतण्या चालवतो, हिशेब मी बघतो. सोयाबीनच्या हंगामात मी दोन्ही चॅनेलच्या व्हिडिओंची नोंद ठेवली. पद्धत साधी आहे. व्हिडिओ आला की तारीख आणि वेळ लिहायची आणि बरोबर सातव्या दिवशी त्याच वेळेला व्ह्यू लिहायचे. वर्णन उघडलं की व्ह्यूंचा पूर्ण आकडा दिसतो. सातवा दिवस एवढ्यासाठी, की जुन्या व्हिडिओला व्ह्यू गोळा करायला जास्त वेळ मिळालेला असतो. आपला परवाचा व्हिडिओ त्याच्या दोन वर्षांपूर्वीच्या व्हिडिओशी लावला, तर उत्तर चुकणारच. आणि मागचं मोजमाप नंतर मिळत नाही. सातव्या दिवशी किती होते हे यूट्यूब बाहेरच्या माणसाला सांगत नाही, त्यामुळं ते त्याच दिवशी लिहावं लागतं.

दुसरी अट, फक्त लांब व्हिडिओ. चॅनेलवर व्हिडिओ, शॉर्ट्स, लाइव्ह असे वेगळे कप्पे असतात, पण चॅनेलच्या एकूण व्ह्यूंमध्ये सगळं एकत्र होतं. शॉर्ट्सची मोजणीच ३१ मार्च २०२५ पासून बदलली. आता शॉर्ट चालू झाला किंवा पुन्हा फिरला की एक व्ह्यू, किती सेकंद बघितला याची अट नाही. लातूर बाजार समितीचा रोजचा भाव शॉर्टमध्ये टाकणारा आणि पंधरा मिनिटं बीजप्रक्रिया समजावणारा, यांचे एकूण व्ह्यू शेजारी ठेवून काहीच कळत नाही.

तिसरी अट, तेच पीक, तेच आठवडे. जूनमध्ये पेरणीच्या तोंडावर सोयाबीनचा व्हिडिओ जसा चालतो, तसा फेब्रुवारीत चालत नाही. त्यात कुणाचा गुण नाही, कुणाचा दोष नाही.

असे दोघांचे अकरा-अकरा व्हिडिओ हाती आले. वाचायला सोपं जावं म्हणून आकडे गोल करून सांगतो. आमचे दहा व्हिडिओ २,८०० ते ५,७०० च्या दरम्यान होते. अकरावा पिवळ्या मोझॅकवरचा, ऐन रोग पसरलेल्या आठवड्यात आलेला, तो ९६ हजारांवर गेला. सरासरी काढली तर आमची साडेबारा हजारांच्या आसपास आणि त्यांची साडेसहा हजार. ग्रुपवर आमच्या बाजूनं हीच सरासरी मिरवली जात होती. पण अकरा आकडे चढत्या क्रमानं लावून मधला, म्हणजे सहावा घेतला, तर आमचा ४,१०० आणि त्यांचा ६,२००. रोजचा साधा व्हिडिओ टाकला तर साधारण किती लोक येतात, हे हा मध्यक सांगतो. एका मोझॅकच्या व्हिडिओनं आमची सरासरी तिप्पट केली होती. दर आठवड्याला मोझॅक येत नाही.

म्हणजे ज्याच्यावर आरोप चाललाय, तो साध्या व्हिडिओत आमच्या दीडपट पुढं आहे.

मग आरोप कशावर उभा आहे? भागाकारावर. ६,२०० ला ३ लाख १० हजारांनी भागलं की दोन टक्के येतात, आमचे जवळपास दहा टक्के. पण हा भागाकारच जुळत नाही. वरच्या आकड्यात फक्त सबस्क्राइबर नसतात. शोधून आलेले असतात, यूट्यूबनं सुचवलं म्हणून आलेले असतात. खालच्या आकड्यात आजवर कधीही बटण दाबून गेलेला प्रत्येक जण असतो, मतदार यादीत पुण्याला गेलेल्यांची नावं राहतात तसा. त्याच्या चॅनेलवर शॉर्ट्सच्या कप्प्यात जाऊन 'लोकप्रिय' निवडा. सगळ्यात वर पोळ्याच्या बैलजोडीचा जुना शॉर्ट आहे, लाखोंनी व्ह्यू असलेला. बैलजोडी आवडली म्हणून बटण दाबलेल्या माणसानं खोडमाशीचा व्हिडिओ का उघडावा? त्याचे बरेच सबस्क्राइबर तिथून आले असावेत असा माझा अंदाज आहे. अंदाजच, कारण कोणत्या व्हिडिओवरून किती सबस्क्राइबर आले हे फक्त चॅनेलच्या मालकाला दिसतं. पण दोन टक्क्यांचं असं सरळ कारण समोर असताना "विकत घेतले" हेच धरून बसणं मला अन्यायाचं वाटतं.

अजून एक स्क्रीनशॉट आला, "व्ह्यू भरपूर, लाइक नाहीत, म्हणजे बोगस." यूट्यूबवर पैसे भरून आपल्या व्हिडिओची रीतसर जाहिरात करता येते आणि जाहिरातीतून बघितलेलेही व्ह्यूंमध्ये धरले जातात. अशा प्रेक्षकाकडून लाइक कमीच येतात. हे कायदेशीर आहे, यूट्यूबच ते विकतं. आणि त्यानं जाहिरात केली की नाही, हेसुद्धा नुसत्या लाइकवरून ठरत नाही.

माझ्या नोंदीतून मी एवढंच म्हणू शकतो: या एका हंगामात, सोयाबीनच्या लांब व्हिडिओंना, सातव्या दिवशी त्यांचा मध्यक ६,२०० आणि आमचा ४,१००. लोक शेवटपर्यंत कुणाचा बघतात, किती मिनिटं बघतात, कुणाला किती पैसे मिळतात, शेतकऱ्याचा विश्वास कुणावर जास्त, हे या आकड्यांत नाही. अकराच व्हिडिओ आहेत, दोन-तीन इकडचे तिकडे झाले तर फरक कमीही होईल.

आमच्या उपयोगाचं मात्र एक सापडलं. त्याच्या शीर्षकात किडीचं नाव आणि पिकाचा दिवस असतो, "३५ व्या दिवशी चक्रीभुंगा". आमची शीर्षकं "शेतकरी बांधवांनो, महत्त्वाची माहिती" अशी. फरक त्यामुळंच पडला का, हे माहीत नाही. म्हणून पुतण्याला सांगितलंय, हरभऱ्यात एक व्हिडिओ घाटेअळीचं नाव घालून आणि पुढचा जुन्या पद्धतीनं, असं आलटून पालटून टाक. सातव्या दिवसाची नोंद चालू राहील, दोन्ही चॅनेलची.

आणि ग्रुपच्या ॲडमिन दादांना जाहीर विनंती, तो ३.११ लाखाचा स्क्रीनशॉट काढून टाका. ज्यांनी तो पुढं पाठवला, त्यांनी तिथं तिथं हेही पाठवा.