डोकं गोल आहे म्हणून मण्यार काठीनं उचलायची का?

"अंगणात साप निघाला तर फोटो काढून डोकं झूम करा. तिकोनी असेल तरच विषारी. गोल असेल तर सर्पमित्राला फोन कशाला, काठीनं उचलून बाहेर टाका." असा सल्ला काहीजण देतात.

डोक्याचंच आधी बोलू. तिकोनी डोकं घोणस आणि फुरश्याचं. नाग अन् मण्यार विषारी, पण दोघांचंही डोकं तसं नसतं, आणि आपल्या मराठवाड्यात हे दोघंही आहेतच. उलट बिचारी दिवड, विष नाही काही नाही, पण चिडली की डोकं चपटं करून तिकोनी दाखवती, मग उगंच मार खाती.

मागच्या पावसाळ्यात सेलूकडच्या भाच्यानं रात्री साडेनऊला फोटो पाठवला, विटांच्या ढिगाजवळ काळा साप, अंगावर पांढरे पट्टे, अन् खाली लिहिलेलं "मामा, डोकं गोल आहे, कवड्याच ना?" मी डोकं सोडून पट्टे बघितले. कवड्या बिनविषारी, तपकिरी असतो, त्याचे पट्टे मानेपाशी ठळक अन् शेपटीकडं पुसट होत जातात. इथं उलटं होतं, मानेमागं अंग जवळजवळ कोरं, पुढं बारीक पट्टे जोडीजोडीनं, शेपटीकडं स्पष्ट. मण्यार. बरं, फ्लॅशच्या उजेडात अर्धं अंग चकाकत होतं, अशा फोटोवरून कवड्या म्हणायची हिंमत मी तरी केली नसती. शंका आली की विषारीच धरायचा.

आता फोन करायचा का नाही, ते नुसतं जातीवर नसतं. दिवसा धामण अंगणातून बांधाकडं निघाली असेल तर जाऊ द्या की, दुरून बघत रहा, सर्पमित्र येईपर्यंत ती शेतात गेलेली असती. पण भाच्याकडं रात्रीची वेळ, साप विटांत शिरायलेला अन् आजी ओसरीत खाली झोपलेली. मण्यार रात्रीच फिरती, झोपलेल्या माणसाला चावती, दुखत पण नाही धड, पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतात अन् पापण्या खाली यायला लागतात. तिथं फोन करायचाच. ओळखीचा सर्पमित्र नसेल तर वनविभागाचा १९२६ आहे.

काठीचं तर विसराच. काठी चार फुटाची म्हणजे तुमचा हात सापापासून चार फुटावर, वर साप काठीवरूनच हाताकडं सरकतो. भाच्याला म्हणलं आठ-दहा फूट मागं सर, फोटो तिथूनच झूम करून काढ, अजून चांगल्या फोटोसाठी पुढं जाऊ नको. बूट घाल. आजीला आत पलंगावर घे, दाराखालच्या फटीत टॉवेल कोंब. फिनेल-रॉकेल काही टाकू नको, साप बिथरून कुठं घुसंल सांगता येत नाही. अन् एकानं बॅटरी धरून ढिगावर नजर ठेव, कारण सर्पमित्र आला अन् साप कुठं गेला कुणालाच माहीत नाही असं झालं तर रात्रभर सगळं घर जागं.

पाऊण तासानं सर्पमित्र आला, एकेक वीट काढत गेला. मण्यारच निघाली, तीन फुटाची.