काकांचा खोकला, माझा रकाना

काल रात्री दीडला पुरा केलेला तक्ता आज सकाळी टेबलावर उलटा पडलेला सापडला. मागच्या कोऱ्या बाजूवर शेजारच्या काकांनी काढ्याची कृती लिहिली होती. माझ्याच हिरव्या जेलपेनाने.

फार्माकॉलॉजीची माझी वही म्हणजे सरांना जे जसं आठवलं ते तसं. म्हणून आडव्या कागदावर एकेका गटाचे चार रकाने पाडले: मेकॅनिझम, उपयोग, साइड इफेक्ट, इंटरॅक्शन. काही आठवड्यांपूर्वी पहिला गट घेतला बीपीच्या गोळ्यांचा, एसीई इनहिबिटर, आणि तिथेच काका आले. ते रोज आमच्याकडे पेपर वाचायला येतात. स्वतः घेत नाहीत. आई चालवून घेते.

"काय गं हाफ डॉक्टर, शब्दकोडं का?"

"औषधांचा तक्ता आहे, काका."

"माझी गोळी आहे यात?" मी रॅमिप्रिलवर बोट ठेवलं. "मग माझा खोकला शोध. तीन महिने झाले." आणि पुरावा म्हणून खोकून दाखवलं. कोरडंच, पण आईच्या हातातली बशी वाजली.

खोकला होता. तिसऱ्या रकान्यात, सातवा. पण तो का येतो, हे माझा तक्ता सांगेना. पहिल्या रकान्यात मी अर्धीच गोष्ट लिहिली होती: एसीई हे एन्झाइम रक्तवाहिन्या आवळणारं अँजिओटेन्सिन-टू बनवतं, ते अडवलं की रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. पण तेच एन्झाइम ब्रॅडिकायनिनही मोडतं. ते अडलं की ब्रॅडिकायनिन साचतं आणि घसा खवखवत राहतो. कारण एका टोकाला, खोकला दुसऱ्या, मध्ये उपयोगाचा रकाना सासूसारखा बसलेला. मग साइड इफेक्ट उचलून मेकॅनिझमशेजारी आणले. सगळे तक्ते पुन्हा लिहिले. पण लोसार्टन-टेल्मिसार्टनचा गट आपोआप लक्षात राहिला: ती मंडळी एन्झाइमला हात लावत नाहीत, अँजिओटेन्सिन-टूलाच पुढे रिसेप्टरवर अडवतात, म्हणून खोकला क्वचित.

"काका, गोळी मनाने बंद करू नका. डॉक्टरांना खोकल्याचं सांगा."

"आधी पास तर हो."

गेले मात्र. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन दिली, तीन आठवड्यांत खोकला गेला. आणि श्रेय? "अडुळसा!" आज सकाळी आमच्या सोफ्यावर बसून ते फोनवर मेव्हण्याला सांगत होते, मग विसरायला नको म्हणून लिहूनही काढलं. माझ्या तीन रात्री, त्यांचा अडुळसा. पास होईपर्यंत माझं ज्ञान पेपरसारखंच, वाचायला फुकट.

कृती वाचली. अडुळसा, आलं, आणि "ज्येष्ठमध २ चमचे, रोज, कायम". ज्येष्ठमध रोज एवढं घेतलं तर मूत्रपिंड मीठ धरून ठेवतं, पोटॅशियम फेकतं, बीपी चढतं. म्हणजे सकाळी गोळीने उतरवायचं, संध्याकाळी काढ्याने चढवायचं.

पान उलटून चौथ्या रकान्यात 'ज्येष्ठमध' लिहिलं. पेन्सिलीने. हिरवं पेन काका खिशाला लावून गेले होते.